हार्नेस लाइन 3 : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर 2024

10 जून, सोमवार

आजपासून ही वही सुरू करते आहे. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे वायर हार्नेस, म्हणजे विजेच्या तारांचे बांधलेले जुडगे, बनतात. लाइन 3 वर दोन पाळ्या आहेत, सकाळी सहा ते दोन आणि दुपारी दोन ते रात्री दहा. प्रत्येक पाळीत 26 जणी. काही कंपनीच्या पटावर आहेत, बहुतेक ठेकेदाराकडून आलेल्या. मजुरीचा रोज ठरलेला, वर्षभर तोच. बढतीची जागा म्हणजे लाइन लीडर, आणि ती गेल्या चार वर्षांत एकदाच रिकामी झाली.

दोन गोष्टी डोक्यावर बसल्या आहेत. एक, न कळवता गैरहजर राहणाऱ्यांची संख्या. दुसरी, टेस्ट बोर्डवर चाचणीत नापास होऊन परत येणारे हार्नेस. वरून निरोप स्पष्ट आहे: पैशाचा प्रस्ताव आणू नका, बाकी काय करता येईल ते करा. प्लँटच्या बैठकीत एक वाक्य ऐकलं, "या मुलींना कामाची ओढच नाही." ते मला पटत नाही. ज्या बाईने सहाच्या पाळीसाठी पहाटे चारला उठून घरच्यांचे डबे केलेत, तिला ओढ नाही असं म्हणण्याआधी निदान कागद तरी बघायला हवेत.

12 जून, बुधवार

मे महिन्याचं पंचिंग रजिस्टर आणि ओव्हरटाइमची वही शेजारी ठेवून बसले. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून शुक्रवारी दांड्या जास्त असतील अशी माझी खात्री होती. तसं नाही निघालं. पहिल्या पाळीत मे महिन्यात अकरा वेळा ओटी लागला. त्यातल्या आठ वेळा दुसऱ्या दिवशी तीन किंवा जास्त जणी न कळवता गैरहजर होत्या. ओटी नव्हता त्याच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा शून्य किंवा एक.

म्हणजे आधी ओटी, मग दांडी. आणि दांडी पडली की लाइन रखडते आणि पुन्हा ओटी लागतो. आम्ही दोन्ही वह्या रोज भरत होतो, पण दोन वेगवेगळ्या कपाटांत ठेवत होतो.

15 जून, शनिवार

सकाळी सहाला लाइनवर उभी राहिले, काही न बोलता. 6:10 ला हार्नेस जुळवायचे बोर्ड फिरायला लागले. 6:35 ला थांबले. लाल-काळी वायर आली नव्हती. सगळ्या जणी हात बांधून उभ्या. कोणी कात्री पुसतंय, कोणी टेपचे रोल लावून ठेवतंय. 7:20 ला वायर आली. मग साडेनऊला पुन्हा वीस मिनिटं. आणि दुपारी एक वाजता लीडरने येऊन सांगितलं, "आज दोन तास थांबायचंय."

सब-असेंब्लीवरच्या मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळी बसवून ठेवायचं आन् दुपारी थांबवून घ्यायचं. आमचं पाणी तीनला येतं मॅडम. पाणी गेलं की उद्याच्याला धुणं नाही, सैपाक नाही. मग मी येऊ कशी?"

यात आळस कुठे आहे? उलट, कामाचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतंय. सकाळी वाया गेलेला वेळ कोणामुळे गेला हे लाइनवरच्या प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि त्याची भरपाई तिच्या दुपारमधून होते हेही. ओटीचे पैसे नियमाप्रमाणे दुप्पट मिळतात, पण ज्या बाईची बस सव्वादोनला सुटते आणि शाळेतून मूल अडीचला येतं, तिला एक वाजता कळलेला ओटी ही शिक्षाच आहे.

18 जून, मंगळवार

वायर उशिरा का येते ते बघायला कटिंग विभागात गेले. तीन ऑटोमॅटिक मशिनं चार लाइनना वायर पुरवतात. टर्मिनल, म्हणजे वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा, बदललं की ते दाबून बसवणारा ॲप्लिकेटर बदलावा लागतो, मग क्रिम्पची, म्हणजे त्या दाबलेल्या जोडाची, उंची मोजायची, ओढून ताकद तपासायची, क्वालिटीची सही घ्यायची. सगळं धरून पाऊण तास जातो. म्हणून कटिंगवाले एकदा सेटिंग लागलं की एकाच वायरचे दोन-दोन हजार नग काढून ठेवतात. त्यांच्या तक्त्यावर मशीन छान चाललेलं दिसतं. आणि आमच्या लाइनला हव्या असलेल्या दीडशे नगांची वायर त्या दोन हजारांच्या मागे रांगेत उभी असते.

इथे कोणी चुकार नाही. कटिंगचा माणूस त्याच्या आकड्यासाठी योग्य तेच करतोय. पण त्याच्या आकड्याची किंमत लाइनवरच्या बाईच्या दुपारने चुकवली जाते.

21 जून, शुक्रवार

दोन गोष्टी ठरल्या, प्लँट हेडसमोर.

पहिली: सकाळच्या पहिल्या दोन तासांना लागणाऱ्या सगळ्या वायर आदल्या रात्री दहाच्या आत लाइन 3 च्या रॅकवर लागलेल्या असतील. रॅक भरला नसेल तर दुसऱ्या पाळीच्या लीडरने तेव्हाच फोन करायचा, सकाळी नाही. यासाठी कटिंगला दिवसाला दोन-तीन सेटिंग जास्त करावी लागणार. ते नाराज आहेत, आणि त्यांचा तक्ता खाली गेला तर त्यांना बोल लावायचा नाही हे प्लँट हेडकडून वदवून घेतलं.

दुसरी: ओटी आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फळ्यावर लिहायचा. त्यानंतर लागला तर तो ऐच्छिक. नाही म्हणणारीला कारण विचारायचं नाही.

दुसऱ्या गोष्टीवर तासभर वाद झाला. "मग कोणीच थांबणार नाही." बघू.

1 जुलै, सोमवार

आज किमान वेतनाच्या विशेष भत्त्याची चर्चा लाइनवर होती. राज्यात हा भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, महागाईप्रमाणे बदलतो. तो सगळ्यांना सारखाच लागतो, हे उघड आहे. पण त्याचा एक परिणाम मी आजवर नीट पाहिला नव्हता. आमच्याकडे सात वर्षं टेपिंग करणाऱ्या ताईंचा रोज आणि मागच्या आठवड्यात आलेल्या मुलीचा रोज यांत आता चहा-वडापावाइतका फरक उरला आहे. किमान वेतन वर सरकतं, त्यांचा रोज जागेवर राहतो, आणि अनुभवाची किंमत दर सहा महिन्यांनी थोडी पुसली जाते.

मला पैसे वाढवता येणार नाहीत. पण सात वर्षांची बाई आणि सात दिवसांची मुलगी यांच्यात पैशांशिवाय काहीच फरक दिसत नाही, ही गोष्ट बदलणं माझ्या हातात आहे. हे पुढे धरायचं.

6 जुलै, शनिवार

आठवडाभर नियम टिकला आणि आज मोडला. ग्राहकाकडून साडेअकराला वाढीव मागणी आली, आणि लीडरने सवयीने सगळ्यांना "थांबा" म्हणून सांगितलं. मी तिथे जाऊन सांगितलं की कालचे बारा कधीच वाजून गेलेत, आज ज्यांना जमेल त्यांनीच थांबायचं. क्षणभर कोणी हललं नाही. मग नऊ जणी म्हणाल्या, "आम्ही थांबतो." आम्हाला बारा हव्या होत्या. नऊ जणींवर दीड तासात काम उरकलं नाही, थोडं दुसऱ्या पाळीकडे गेलं. मागणी मात्र वेळेत गेली.

10 जुलै, बुधवार

अपेक्षा नव्हती ती तक्रार आली. नांदेड-परभणीकडून आलेल्या चार मुली एका खोलीत भाड्याने राहतात. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, सकाळची वायर वेळेवर यायला लागली, आता ओटीच लागंना. माझे घरी पाठवायचे पैसे कमी झाले."

बरोबर आहे. एकीला जे ओझं वाटतं त्यावर दुसरीचं घर चालतं. मी सगळ्या 26 जणींना एकच माणूस समजत होते. आता प्रत्येकीला चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: ओटी नेहमी चालेल, आधी सांगितला तर चालेल, किंवा नको. पहिल्या पाळीत आठ, अकरा, सात. ओटी लागला की "नेहमी चालेल" वाल्यांना पहिला मान, त्यातही आळीपाळीने. त्या मुलीचं नुकसान पूर्ण भरून निघणार नाही. तिला मी तसं स्पष्ट सांगितलं.

23 जुलै, मंगळवार

कौशल्य तक्ता. भिंतीवर आहे पण गेल्या ऑडिटनंतर कोणी हात लावलेला नाही. डावीकडे नावं, वर कामं: क्रिम्पिंग, सब-असेंब्ली, बोर्डवर वायर लावणं, टेपिंग, क्लिप, टेस्टिंग. प्रत्येक चौकोनात एक गोल, चार पावांत विभागलेला. एक पाव भरला म्हणजे शिकते आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करते, तीन म्हणजे एकटीने वेळेत आणि बिनचूक करते, पूर्ण गोल म्हणजे दुसरीला शिकवू शकते.

नव्याने चाचण्या घेतल्या. सात वर्षांच्या टेपिंगवाल्या ताई टेस्ट बोर्डवर चाचणीला उभ्या राहिल्या आणि दोन सोप्या चुका केल्या. मला खटकलं, कारण मार्चमध्ये टेस्टिंगची मुलगी आजारी असताना त्यांनीच आठवडाभर ते काम सांभाळलं होतं, एकही परत न येता. जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं. आधी हसल्या. मग म्हणाल्या, "जिला चार कामं येतात तिला दिवसातून चारदा उठवतात. जिला एकच येतं ती निवांत एका जागी. मग कशाला येऊ द्यायचं?"

मला रात्री उशिरापर्यंत हे वाक्य सुटलं नाही. आमचा तक्ता कौशल्य मोजत होता आणि त्याची शिक्षा देत होता. ज्या बाया शहाण्या होत्या त्या शिकत होत्या आणि लपवत होत्या.

30 जुलै, मंगळवार

लीडर, दोन्ही पाळ्यांतल्या चार ज्येष्ठ जणी आणि मी बसलो. ठरलं ते असं.

एका पाळीत कोणालाही एकदाच जागा बदलायला सांगायचं. दुसऱ्यांदा हवी असेल तर लीडरने स्वतः तिथे उभं राहायचं. तीन कामांत तीन पाव किंवा जास्त असणारीला आठवड्याची पाळी आणि रजा निवडण्यात पहिला मान. ही आपल्याकडची खरी संपत्ती आहे, कारण मुलांच्या शाळेला सुट्टी रविवारी आणि आमची गुरुवारी, त्यामुळे रविवारच्या रजेसाठी लीडरच्या मागे सगळ्या लागलेल्या असतात. आजवर ती रजा जवळिकीवर मिळायची.

आणि तिसरं, जे ज्येष्ठ जणींनी सुचवलं आणि मला कधी सुचलं नसतं. नवी मुलगी शेजारी उभी केली की शिकवणारीचे नग कमी होतात, आणि तासाच्या फळ्यावर तिच्या जागेपुढे लाल आकडा पडतो. शिकवणारी बाई सगळ्यांसमोर मागे पडलेली दिसते. म्हणून नवी मुलगी असेल तर पहिले सहा दिवस त्या जागेचं तासाचं लक्ष्य कमी लिहायचं आणि आकड्यापुढे हिरव्या खडूने "शिकवणी" असं लिहायचं.

9 ऑगस्ट, शुक्रवार

तक्रार-पेटी काढून टाकली. उघडली तेव्हा आत बिस्किटांचे कागद आणि मागच्या वर्षीच्या दोन चिठ्ठ्या होत्या. त्याऐवजी फळा लावला, तीन रकाने: काय अडतंय, कोण बघणार, कधीपर्यंत. "नाही होणार" हेही उत्तर चालेल, पण कारणासह आणि आठ दिवसांत.

पहिल्या आठवड्यात आलेल्या गोष्टी: कात्र्या बोथट आहेत. बोर्ड उंच आहे, बुटक्या मुली तुटक्या पॅलेटच्या फळीवर उभ्या राहून काम करतात. दुसऱ्या पाळीच्या बसची लाइट लागत नाही. बसायला स्टूल नाहीत.

कात्र्या दुसऱ्या दिवशी आल्या. मेंटेनन्सने बोर्डाच्या पायांना भोकं पाडून उंची कमी-जास्त करता येईल असं केलं, एका बोर्डाला अर्धा तास. स्टुलांसाठी मात्र "बसल्या तर काम मंदावेल" असं उत्तर आलं. मी कारखाना अधिनियम 1948 चं कलम 44 पुढे ठेवलं. उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय करणं कायद्यातच आहे. सहा स्टूल आले. वायर थांबली की आता निदान बसता येतं.

टेपिंगच्या बोर्डाची उंची बदलल्यावर तिथून परत येणारे हार्नेस कमी झाले. मान वर करून टेप गुंडाळताना खालची बाजू दिसत नव्हती आणि टेप मोकळा राहत होता. ही चूक आम्ही "निष्काळजीपणा" या नावाखाली सहा महिने मोजत होतो.

20 ऑगस्ट, मंगळवार

"महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी" ही चौकट काढली. लीडर दर महिन्याला आळीपाळीने एकीचा फोटो लावत होती, म्हणजे कोणाचं मन दुखायला नको. त्यामुळे त्याला अर्थ उरला नव्हता, आणि आळीपाळी सोडली असती तर भांडणं झाली असती. कोणी विचारलंही नाही की फोटो कुठे गेला.

प्लँटच्या बैठकीत पुन्हा ते वाक्य आलं, मुलींच्या ओढीचं. मी कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटच्या कारखान्याचं उदाहरण दिलं. जनरल मोटर्सने तो 1982 मध्ये बंद केला, तिथल्या कामगारांची दांड्यांसाठी मोठी बदनामी होती. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना पुन्हा उघडला, कामगार बहुतांश तेच घेतले, आणि अडचण दिसली तर लाइन थांबवण्याचा अधिकार त्यांना दिला. दांड्या झपाट्याने उतरल्या. माणसं तीच होती. यावर कोणी वाद घातला नाही, पण पटलं असंही म्हणता येणार नाही.

30 ऑगस्ट, शुक्रवार

गौरी. दरवर्षीचं दुखणं. यंदा 10 सप्टेंबरला आवाहन, 11 ला पूजन, 12 ला विसर्जन. 12 ला गुरुवार, म्हणजे सुट्टीच, पण मागणी जास्त असल्याने त्या दिवशीही लाइन चालवायची आणि बदली सुट्टी नंतर द्यायची असं वरून ठरलं. गेल्या वर्षी या तीन दिवसांत रजा कोणालाच मंजूर केली नव्हती, आणि पूजनाच्या दिवशी पहिल्या पाळीत निम्म्या जागा रिकाम्या होत्या.

या वेळी मी आकडा त्यांच्यासमोर ठेवला. लाइनवर 22 जागा आहेत. काही जागा जोडून, वेग कमी करून 18 जणींत लाइन चालते, त्याखाली नाही. म्हणजे प्रत्येक पाळीत रोज आठ रजा. तीन दिवसांच्या 24. पहिल्या पाळीची मागणी 31 होती. मी म्हटलं, तुम्हीच बसून ठरवा, फक्त दर दिवशी टेस्टिंग आणि क्रिम्पिंगला तीन पावांची माणसं उरली पाहिजेत.

जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास लाइन थांबवली. सगळ्या जणी कौशल्य तक्त्याजवळ गेल्या. "माझ्याकडं खड्याच्या गौरी, मला पूजनाचा एकच दिवस पुरं." "तू आवाहनाला जा, मी विसर्जनाला जाते." ज्यांच्याकडे गौरी बसत नाहीत त्यांनी आपल्या रजा सोडल्या आणि दिवाळीत भाऊबीज मागून घेतली. टेस्टिंगला 11 तारखेला कोणी उरत नव्हतं. बराच वेळ शांतता. मग टेपिंगवाल्या ताई म्हणाल्या, "मला येतं ते. घ्या माझी परीक्षा पुन्हा."

संध्याकाळी घेतली. एकही चूक नाही. तिसरा पाव मी त्यांच्याच हाताने भरून घेतला.

13 सप्टेंबर, शुक्रवार

तिन्ही दिवस लाइन चालली. न कळवता गैरहजर एकही नाही. एकीच्या मुलाला ताप आला, तिने पहाटे पाचला लीडरला फोन केला आणि दुसऱ्या पाळीतल्या मैत्रिणीला स्वतः बदलीला पाठवलं. लक्ष्यापेक्षा नग कमी निघाले, पण ते आम्ही आधीच सांगितलेल्या कमी आकड्याच्या थोडे वरच होते. बदली सुट्टीची तारीख आजच फळ्यावर लावली. ही एक गोष्ट राहून गेली असती तर सगळं पाण्यात गेलं असतं.

27 सप्टेंबर, शुक्रवार

1 जुलैची नोंद पुन्हा वाचली. अनुभवाचा काही कागद देता येईल का, हे एचआरला विचारलं. आमच्याकडून जाणाऱ्या मुलीला ठेकेदार "हेल्पर म्हणून काम केले" एवढीच एक ओळ देतो. पुढच्या कारखान्यात तिची सुरुवात पुन्हा शून्यापासून.

एचआरचा आक्षेप खरा होता: ठेकेदाराच्या कामगाराला कंपनीने आपल्या लेटरहेडवर अनुभवपत्र दिलं तर नोकरी कोणाची यावर उद्या वाद होऊ शकतो. तीन बैठकांनंतर मार्ग निघाला. अनुभवपत्र ठेकेदारच देईल, पण त्यात कामांची नावं आणि किती महिने ते लिहील, आणि आमच्या प्रशिक्षण खोलीची चाचणी-नोंद सोबत जोडली जाईल. क्रिम्पची उंची मोजता येते, टेस्ट बोर्ड स्वतंत्रपणे चालवते, चार जणींना शिकवलं, अशी. पत्र सोडून जातानाच नाही, मागितलं की कधीही.

"म्हणजे आपणच त्यांना जायला मदत करतोय," असं एकजण म्हणाला. हो, थोडीफार करतोय. वर जायला इथे जागा नाही, मग निदान पुढे जायची वाट तरी आपण अडवू नये.

18 ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीआधी सहा नव्या मुली घेतल्या. मागच्या वर्षी याच सुमारास आलेल्या सातांपैकी चार जणी महिन्याच्या आत सोडून गेल्या होत्या. हिरव्या खडूचा उपयोग होतोय. शिकवणाऱ्या घाई करत नाहीत, नवीला हाकलत नाहीत. मात्र दुसऱ्या पाळीच्या लीडरने दोनदा लक्ष्य कमी लिहायला "विसर" केला. तिला स्वतःच्या पाळीचा एकूण आकडा खाली गेलेला नको होता. तिच्याही एकूण लक्ष्यातून शिकवणीच्या जागा वजा करायला हव्या होत्या, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज दुरुस्त केलं.

8 नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळी होऊन आठवडा. बोनस मिळाला की परत न येणाऱ्या दरवर्षी असतात. यंदा दोन्ही पाळ्या मिळून तीन जणी आल्या नाहीत, त्यातल्या दोघींनी आधी सांगितलं होतं. नव्या सहांपैकी पाच जणी आहेत.

ऑक्टोबरचं रजिस्टर: पहिल्या पाळीत न कळवता गैरहजेरी पूर्ण महिन्यात नऊ. मे महिन्यात 41 होती. मे म्हणजे लग्नसराई आणि गावाला जायचा महिना, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. पुढच्या मे महिन्याशी जोडून बघितल्याशिवाय वर कळवायचं नाही असं ठरवलं आहे. दुसऱ्या पाळीत फरक बराच कमी आहे. तिथे बसची लाइट लागते आता, पण रात्री दहानंतर फाट्यापासून घरापर्यंत अंधारातून चालत जावं लागतं, आणि बस आत वाडीपर्यंत नेण्याचा खर्च अजून मंजूर नाही. फळ्यावर ती ओळ सात आठवडे आहे. "कधीपर्यंत" या रकान्यात मी प्रत्येक सोमवारी नवी तारीख लिहिते आणि ते मला बरं वाटत नाही.

आज टेपिंगवाल्या ताईंनी अनुभवपत्र मागितलं. म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात टेस्टिंग तपासनीस हवी आहे, कायम पटावर. सोबतच्या चाचणी-नोंदीवर मी सही केली. त्या महिनाअखेरपर्यंत आहेत. तोवर रोज दुपारी एक ते दोन, त्या नांदेडच्या मुलीला टेस्ट बोर्डवर शिकवणार आहेत. सोमवारपासून त्या जागेपुढे हिरवा खडू.